मांजरांना जेवण घालता? मग पिंजराही आणा

गेल्या महिन्यात एक अकरा वर्षांचा मुलगा आईबाबांबरोबर दवाखान्यात आला. (ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत.) उजव्या काखेत लिंबाएवढी गाठ, दाबली की दुखणारी, आणि आठ दिवस अधूनमधून बारीक ताप. काखेतली गाठ म्हणजे टीबी, असं कुणीतरी आईच्या डोक्यात भरवलेलं होतं, त्यामुळे ती रडकुंडीला आली होती. मी मुलाचा हात हातात घेऊन उलटा केला. मनगटाच्या वर दोन-तीन सुकलेले, बारीक ओरखडे होते. "मांजर का रे?" असं विचारल्यावर त्यानं आधी आईकडे बघितलं आणि मग मान खाली घातली. पार्किंगमध्ये मांजरीनं पिल्लं घातली होती आणि हा रोज शाळेतून आला की डब्यातली उरलेली पोळी त्यांना नेऊन देत होता.

या आजाराला मांजर-ओरखड्याचा आजार म्हणतात. 'बार्टोनेला' नावाचा जिवाणू मांजरांच्या पिसवांमधून पसरतो. पिसवांची विष्ठा मांजराच्या नखांत अडकते आणि ओरखड्यावाटे आपल्या शरीरात जाते. एक ते तीन आठवड्यांनी त्या बाजूच्या लसिकाग्रंथी सुजतात. धडधाकट मुलांमध्ये ही गाठ बहुतेक वेळा दोन-चार महिन्यांत आपोआप जिरते. टीबी नाही ना, याची खात्री मात्र आपल्या देशात करून घ्यावीच लागते. ती केली, नव्हता.

वडिलांना हायसं वाटलं आणि लगेच रागही आला. "डॉक्टर, तुम्ही सोसायटीच्या नावानं एक पत्र द्या. मांजरांपासून आजार होतात म्हणून. तुमच्या लेटरहेडवर दिलंत की कमिटी हलेल."

मी नाही म्हणालो. कारण असं पत्र मी पूर्वी एकदा दिलं आहे.

सहा वर्षांपूर्वीची गोष्ट. मी राहतो त्या सोसायटीत मांजरांवरून दोन तट पडले होते. कमिटीनं मला विचारलं आणि मी फारसा विचार न करता अर्ध्या पानावर लिहून दिलं की मोकाट मांजरांमुळे रेबीज, टॉक्सोप्लाझ्मा आणि त्वचेचे आजार होऊ शकतात. यात खोटं काहीच नव्हतं. पंधरा दिवसांनी एका कंत्राटी माणसानं सहा मांजरं गोणपाटात भरून गावाबाहेरच्या टेकडीपलीकडे नेऊन सोडली. त्यांतली निदान एक अंगावर पाजत होती, हे कुणाच्या लक्षात आलं नाही. दोन दिवस मीटर रूममधून बारीक ओरडणं ऐकू येत होतं. तिसऱ्या दिवशी वॉचमननं चार मेलेली पिल्लं बाहेर काढली. त्यानंतर पावसाळा संपेपर्यंत शेजारच्या बाजारातून सात-आठ नवी मांजरं आमच्या आवारात येऊन स्थिरावलीसुद्धा. पुढच्या वर्षी पिल्लांची संख्या आधीपेक्षा जास्त होती.

माझ्या पत्रानं नेमकं काय साधलं? ओळखीची सहा मांजरं गेली आणि अनोळखी आठ आली. म्हणून आज मी उलट्या बाजूनं लिहितो आहे. पण हा लेख मांजरं हाकलणाऱ्यांवर जितका आहे, तितकाच त्यांना प्रेमानं जेवण घालून थांबणाऱ्यांवरही आहे. माझा अनुभव असा की या दोन्ही तटांच्या वागण्याचा परिणाम एकच होतो, तो म्हणजे आणखी पिल्लं.

आधी हाकलणाऱ्यांबद्दल. एखाद्या आवारात मांजरं राहतात ती तिथे अन्न आणि आडोसा असतो म्हणून. कचऱ्याचा डबा, मासळीचं दुकान, उंदीर आणि जिन्याखालची कोरडी जागा तशीच ठेवून फक्त मांजरं उचलली, तर ती जागा रिकामी होते आणि आजूबाजूची मांजरं ती भरून काढतात. ऑस्ट्रेलियातल्या टास्मानियात संशोधकांनी जंगलातली रानटी मांजरं थोड्या प्रमाणात मारून बघितली, तेव्हा त्या भागात मांजरं कमी होण्याऐवजी वाढलेली आढळली. बाहेरून नवी येत राहिली, असा त्यांचा अंदाज होता. शिवाय हे कायद्यातही बसत नाही. उपासमार होईल अशा ठिकाणी प्राण्याला सोडून देणं हा १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे आणि प्राण्याला मारणं किंवा जायबंदी करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५खाली. मी तेव्हा दिलेल्या पत्राच्या आडून जे घडलं, ते पहिल्या प्रकारात मोडतं.

आता जेवण घालणाऱ्यांबद्दल. या मंडळींना बोललेलं आवडत नाही, पण बोलायला हवं. मांजरी चार-पाच महिन्यांची झाली की माजावर येऊ शकते. गर्भ साधारण नऊ आठवडे राहतो. पिल्लं अंगावर पीत असतानाच ती पुन्हा गाभण राहू शकते. पोटभर जेवण मिळणारी मांजरी वर्षातून दोन-तीनदा सहज विते. एक मांजर सात वर्षांत चार लाखांवर जाते, असं काही पोस्टरांवर छापलेलं असतं. तो हिशेब खोटा आहे, कारण त्यात एकही पिल्लू मरत नाही असं धरलेलं असतं. खरा आकडा जास्त वाईट आहे. अमेरिकेतल्या उत्तर कॅरोलिनात २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मोकाट मांजरींच्या १६९ पिल्लांवर लक्ष ठेवलं होतं. सहा महिन्यांच्या आत त्यांतली १२७ मेली किंवा नाहीशी झाली. म्हणजे चारांतली तीन. कुत्री, गाड्या आणि आजार ही त्यातली मुख्य कारणं आपल्याकडेही आहेतच. ज्या काकू रोज वाटीभर दूध-भात ठेवतात, त्यांना दर चार महिन्यांनी पार्किंगमध्ये चेंगरलेलं पिल्लू बघून रडावं लागतं. त्या रडण्याचा आणि त्या वाटीचा संबंध आहे, हे त्यांना कुणी सांगत नाही.

आणि इथेच माझा वैद्यकीय मुद्दा येतो. मांजरांपासून माणसाला होणाऱ्या ज्या आजारांची लोकांना भीती वाटते, ते मुख्यतः पिल्लांशी जोडलेले आहेत. 'बार्टोनेला' रक्तात बाळगणारी मांजरं बहुधा वर्षाच्या आतली असतात. शिवाय अगदी लहान पिल्लांना नखं नीट आत घेता येत नाहीत आणि मुलं उचलतात तीही पिल्लंच.

टॉक्सोप्लाझ्माचं तर आणखी स्पष्ट आहे. गरोदर बाई घरात असली की सासूबाई सगळ्यात आधी मांजर बाहेर काढायला सांगतात. पण मांजर हा परजीवी विष्ठेतून आयुष्यभर टाकत नाही. पहिल्यांदा संसर्ग झाल्यावर साधारण एक ते तीन आठवडे टाकते आणि पुढे क्वचितच. हा पहिला संसर्ग बहुतेक वेळा पिल्लू शिकार करायला लागतं त्या वयात होतो. म्हणजे ज्या आवारात दहा प्रौढ, नसबंदी झालेली मांजरं वर्षानुवर्षं राहतात, तिथे मातीत नवे अंडकोश क्वचित पडतात. जिथे दर हंगामात नवी पंधरा पिल्लं येतात, तिथे ते सतत पडत राहतात. टाकलेली विष्ठाही लगेच बाधक नसते, तिला एक ते पाच दिवस लागतात, म्हणून रोजच्या रोज साफ केली की धोका बराच उतरतो. गरोदर बाईनं कच्चं-अर्धवट शिजलेलं मांस टाळावं, भाजी नीट धुवावी, कुंडीतली माती हातमोजे घालून हाताळावी. मांजर हाकलून यातलं एकही काम कमी होत नाही.

म्हणून, आवारातली मांजरं ही आरोग्याची समस्या वाटत असेल, तर त्यावरचा उपाय त्यांची नसबंदी हाच आहे. मोकाट मांजर हातात येत नाही, म्हणून ती पिंजऱ्यात पकडावी लागते. आणि पिंजऱ्यात ती जेवणामुळेच येते. म्हणून मी जेवण घालणाऱ्यांच्या विरोधात नाही. मांजर कधी, कुठे आणि किती भुकेली येते हे फक्त त्यांना माहीत असतं. त्यांच्याशिवाय हे काम होऊच शकत नाही.

आमच्या सोसायटीत पुढे काय केलं ते सांगतो, कारण चुका त्यात बऱ्याच झाल्या.

आधी मोजणी केली. दुसऱ्या मजल्यावरच्या काकू आणि मी आठवडाभर संध्याकाळी उभे राहिलो, मोबाइलवर प्रत्येक मांजराचा फोटो काढला. सगळ्यांच्या बोलण्यातून "तीस-चाळीस मांजरं" असा आकडा होता. प्रत्यक्षात निघाली चौदा. पाच बोके, सहा मांजरी आणि तीन अर्धवट वाढलेली पिल्लं. लांबून नर-मादी ओळखायची थोडी युक्ती आहे. जुन्या बोक्याचे गाल फुगीर आणि मान जाड असते. काळा, पांढरा आणि केशरी असे तिन्ही रंग अंगावर असतील तर ती जवळजवळ नेहमी मादीच.

मग जेवण आवरलं. तोपर्यंत पाच घरांतून पाच ठिकाणी दिवसभर काही ना काही टाकलं जात होतं. जिन्यात, गाडीच्या बॉनेटवर, मुलांच्या घसरगुंडीशेजारी. त्याऐवजी पंप रूमच्या मागे एकच जागा आणि सकाळी सात, संध्याकाळी साडेसात या दोनच वेळा ठरल्या. २०२३च्या प्राणी जनन नियंत्रण नियमांतही आवारातल्या मोकाट प्राण्यांसाठी जेवणाची जागा आणि वेळ ठरवणं हे रहिवासी संघटनेचं काम म्हणून सांगितलेलं आहे. जागा मुलांच्या खेळण्यापासून, जिन्यापासून आणि ये-जा करायच्या वाटेपासून दूर असावी आणि घालणाऱ्यानं घाण मागे ठेवू नये, हेही त्यात आहे. कमिटीसमोर हे छापून ठेवल्यावर निम्मा वाद तिथेच मिटला.

ताटल्या अर्ध्या तासात उचलायच्या, हा नियम मी सगळ्यात कडक ठेवला. रात्रभर पडलेलं अन्न मांजरांपेक्षा घुशी जास्त खातात, आणि घुशी म्हणजे पावसाळ्यात लेप्टो. मांजराला दूध-पोळी घालू नका. मोठ्या मांजरांना दूध सहसा पचत नाही, जुलाब होतात, आणि त्या जुलाबांवरून पुन्हा कमिटीची सभा भरते. कोरडं तयार खाद्य असेल तर तीन-साडेतीन किलोच्या मांजराला दिवसाला पन्नास-साठ ग्रॅम पुरतं. घरचं द्यायचं तर उकडलेलं चिकन किंवा मासळी, हाडं काढून, कांदा-लसूण-मीठ-मसाला न घालता. पाण्याचं भांडं मात्र कायम भरलेलं असावं.

मांजरांना ही वेळ अंगवळणी पडायला तीन आठवडे लागले. त्यानंतर एका प्राणीसंस्थेकडून अनामत भरून दोन पिंजरे आणले. लांबट जाळीचा पिंजरा, आत मागच्या बाजूला एक पत्र्याची पट्टी, तिच्यावर पाय पडला की दार खाली येतं. पाच दिवस दार दोरीनं वर बांधून ठेवलं, म्हणजे ते पडूच शकणार नाही. तळाला वर्तमानपत्र अंथरलं, कारण जाळीवर पाय ठेवायला मांजर बिचकतं. पहिल्या दिवशी ताटली दाराशी, दुसऱ्या दिवशी वीतभर आत, असं करत पाचव्या दिवशी ती पट्टीच्या पलीकडे गेली. मांजरं आत जाऊन निवांत जेवायला लागली.

ठरलं असं की शनिवारी सकाळचं जेवण नेहमीसारखं, पुढचं जेवण थेट रविवारी पहाटे पिंजऱ्यात. भुकेलं मांजर पकडलंही जातं आणि त्याला भूल देणंही सुरक्षित होतं. पाणी बंद करायचं नसतं. (चार महिन्यांच्या आतल्या पिल्लांना इतका वेळ उपाशी ठेवू नये, त्यांचं डॉक्टरांना वेगळं विचारावं.) प्राण्यांच्या डॉक्टरांकडे रविवारच्या चार शस्त्रक्रियांची वेळ आधीच घेतली होती. हे आधी करावं. मांजर पिंजऱ्यात आणि डॉक्टर गावाला, अशी फजिती मी दुसऱ्या एका सोसायटीत पाहिली आहे.

पहिल्या रविवारी एकही मांजर आत गेलं नाही. पिंजऱ्यापासून दोन हातांवर बसून ती आमच्याकडे बघत राहिली. नंतर कळलं की बी विंगमधल्या एका आजोबांना मांजरं रात्री उपाशी हिंडताना बघवली नाहीत, त्यांनी अकरा वाजता गुपचूप दूध-पोळी घातली होती. मी त्यांच्यावर चिडलो नाही, पण पुढच्या शनिवारी संध्याकाळी त्यांच्या घरी चहाला गेलो आणि बराच वेळ बसलो. एकानंही मध्ये खाऊ घातलं तर सगळी मोहीम बसते, हे त्या दिवशी सगळ्यांना कळलं.

दुसऱ्या रविवारी पहाटे साडेपाच ते आठ या वेळात चार मांजरं मिळाली. आमिष म्हणून सुके बोंबील तव्यावर जरा भाजून घेतले होते, वास लांब जातो. आमिष अगदी थोडं ठेवायचं, पट्टीच्या मागे, आणि दारापासून आतपर्यंत दोन-चार तुकडे. दार पडल्या क्षणी मांजर वेड्यासारखं जाळीवर आपटतं. त्या वेळी जवळ असावं लागतं आणि हातात जुनी चादर असावी लागते. चादर टाकून पिंजरा पूर्ण झाकला की अर्ध्या मिनिटात ते गप्प होतं. न झाकता ठेवलं तर नाक रक्तबंबाळ करून घेतं. म्हणूनच पिंजरा लावून निघून जायचं नाही, आणि उन्हात तर कधीच लावायचा नाही. पकडलेलं मांजर एका पिंजऱ्यातून दुसऱ्या पिंजऱ्यात हातानं हलवायचं नाही. आमच्या दुसऱ्या खेपेला एका उत्साही तरुणानं मानगुटीला धरून बोका काढायचा प्रयत्न केला. त्याची हकीगत पुढे सांगतो.

दुसऱ्या खेपेला पकडलेली एक मांजरी पाजती निघाली. पोटाखालचे सड गुलाबी, फुगलेले आणि भोवतालचे केस चाटून गेलेले, ही त्याची खूण. सहा वर्षांपूर्वीचं मीटर रूममधलं ओरडणं माझ्या कानात अजून आहे, त्यामुळे मी तिला सोडूनच देणार होतो. डॉक्टरीण बाईंनी समजावलं. पिल्लं कुठे आहेत ते माहीत असेल तर तिची शस्त्रक्रिया पहिल्या क्रमांकानं करता येते, टाके पोटावर न घेता कुशीवर घेतात म्हणजे पिल्लांना पिता येतं, आणि शस्त्रक्रियेनं दूध आटत नाही. पिल्लं चारेक आठवड्यांची, डक्टमध्ये होती, वॉचमननं बघितलेली. संध्याकाळी ती पूर्ण शुद्धीवर आल्यावर डक्टच्या तोंडाशी पिंजरा उघडला. ती मागेही न बघता आत शिरली.

भुलेत असतानाच दोन गोष्टी उरकतात. एक, रेबीजची लस. दुसरी, डाव्या कानाचं टोक सरळ रेषेत कापणं. हे अनेकांना क्रूर वाटतं. पण भुलेत ते दुखत नाही, आणि पुढच्या वर्षी लांबून बघूनच कळतं की हिची झालेली आहे. नाहीतर तीच मांजरी पुन्हा पकडली जाते आणि पुन्हा भूल दिली जाते.

शस्त्रक्रियेनंतर बोक्याला साधारण एक दिवस आणि पाजती नसलेल्या मांजरीला दोन-तीन दिवस झाकलेल्या पिंजऱ्यात, कोरड्या, शांत खोलीत ठेवतात. टाके विरघळणारे असतात. पूर्ण शुद्धीवर येईपर्यंत अन्न नाही. टाक्यांतून रक्त थेंबथेंब येत राहिलं, हिरड्या पांढऱ्या दिसल्या किंवा दुसऱ्या दिवशीही मांजर काही खाईना, तर लगेच डॉक्टरांना फोन करा. आणि माणसांचा डॉक्टर म्हणून एक गोष्ट बजावून सांगतो. मांजराला ताप वाटला किंवा दुखत असेल म्हणून घरातली पॅरासिटामॉल देऊ नका. तिचं यकृत हे औषध हाताळू शकत नाही, एका गोळीनं मांजर मरतं. तसंच "ऑपरेशन नको, इंजेक्शनवर भागवू" असं सांगणारे काहीजण भेटतात. ती संप्रेरकांची इंजेक्शनं असतात, वारंवार दिल्यास त्यांनी गर्भाशयात पू होतो, स्तनांच्या गाठी होतात.

सोडायचं ते जिथून उचललं तिथेच. बोका आणखी काही आठवडे पिल्लं देऊ शकतो, त्यामुळे महिन्याभरात एखादी मांजरी गाभण निघाली म्हणून शस्त्रक्रिया फसली असं समजू नये.

आता त्या तरुणाची गोष्ट. बोक्यानं त्याच्या तर्जनीच्या सांध्याजवळ दात रोवले. वरून दोन टाचणीएवढी भोकं, रक्त जेमतेम. त्यानं हळद लावली आणि रात्री झोपला. सकाळी बोट दुधीसारखं सुजलेलं, वाकत नव्हतं. मांजराचे दात सुईसारखे बारीक आणि लांब असतात. ते जिवाणू सांध्यापर्यंत, स्नायूबंधापर्यंत नेऊन सोडतात आणि वरची भोकं लगेच मिटतात. कुत्र्याच्या मोठ्या, फाटलेल्या जखमेपेक्षा ही छोटी जखम जास्त वेळा पिकते, तीही बारा-चोवीस तासांत. त्याला दोन दिवस रुग्णालयात राहावं लागलं.

मांजर चावलं किंवा रक्त येईल इतकं ओरखडलं, तर वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं घड्याळ लावून धुवा. मग पोव्हिडोन आयोडिन. हळद, चुना, मिरची काहीही नको. त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. रेबीजची लस, रक्त आलं असेल तर जखमेत इम्युनोग्लोब्युलिनही, धनुर्वाताचं इंजेक्शन आणि हाताच्या चाव्याला बहुधा प्रतिजैविक, हे सगळं ते ठरवतील. "मांजरच तर आहे" म्हणून रेबीजची लस टाळणारे मला दर महिन्याला भेटतात. मांजरामुळेही रेबीज होतो, आणि झाल्यावर उपाय नाही. मांजर ओळखीचं असेल तर दहा दिवस त्याच्यावर लक्ष ठेवता येतं, पण लस सुरू करायला तेवढं थांबायचं नाही. जे नियमित पिंजरे लावतात त्यांनी रेबीजची लस आधीच घेऊन ठेवावी.

एका गोष्टीवर मला कुणी फसवलं असं म्हणायला नको, म्हणून सांगतो. नसबंदीनं मांजरं झटकन नाहीशी होत नाहीत. फ्लोरिडातल्या एका विद्यापीठाच्या आवारात हा प्रयोग अकरा वर्षं चालला, १५५ मांजरांवर. शेवटी २३ उरली, पण जवळजवळ निम्मी कमी झाली ती लोकांनी घरी नेल्यामुळे. म्हणजे माणसाळतील अशी पिल्लं वेळेत, दोन महिन्यांच्या आसपास, घरोघरी गेली पाहिजेत. अर्ध्या मांजरींची नसबंदी करून थांबलात तर उरलेल्या अर्ध्या ती कसर भरून काढतात. आणि जंगलालगत, पक्ष्यांच्या अधिवासाशेजारी मोकाट मांजरांना जेवण घालणं मला मान्य नाही. तिथे मांजर हा शिकारी आहे आणि नसबंदीनं शिकार थांबत नाही.

आमच्याकडे दीड वर्षात पाच खेपा झाल्या. मांजरामागे सरासरी अठराशे रुपये पडले, वर्गणी काढली, आणि ज्यांनी पूर्वी हाकलण्यावर सही केली होती त्यांतल्या तिघांनी सगळ्यात आधी पैसे दिले. तिन्ही पिल्लं घरी गेली, उरलेल्या अकरांपैकी दहा मोठ्यांची शस्त्रक्रिया झाली. डक्टमधल्या पाजतीची पिल्लंही नंतर दिली गेली. बाहेरून दोन नवी आली, त्यांतल्या एकीचं काम झालं. रात्रीचं रडणं आणि भांडणं पहिल्याच पावसाळ्यात जवळजवळ थांबली. बोक्यांच्या मुताचा जिन्यातला वासही कमी झाला.

त्या अकरा वर्षांच्या मुलाच्या वडिलांना मी पत्राऐवजी आमच्या फोटोंची यादी आणि प्राणीसंस्थेचा नंबर दिला. ते फार खूश झाले नाहीत. काल त्यांचा फोन आला, पिंजरा किती दिवस बांधून ठेवायचा ते विचारायला. मुलाची गाठ सुपारीएवढी राहिली आहे.

आणि आमची ती अकरावी, करडी मांजरी अजून हाती लागलेली नाही. ती पिंजऱ्यात शिरते, पट्टीवरून लांब उडी मारून बोंबील उचलते आणि तशीच मागे येते. पट्टीच्या अलीकडे-पलीकडे दोन-दोन विती पुठ्ठा अंथरून तिची उडी पट्टीवरच पडेल असं काहीतरी करावं, असं बी विंगमधले आजोबा म्हणतात. येत्या रविवारी तसं करून बघणार आहोत.